‘एकदा बघून घ्या’ याऐवजी मास्तरांना काय लिहायचं?

प्रश्न: सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या एक्स्पोर्ट विभागात आहे. परदेशी ग्राहकाला जाणारं १८ पानांचं कोटेशन मी तयार करतो आणि पाठवण्याआधी विव्हिंग मास्तर, पॅकिंग, अकाउंट्स यांना ‘एकदा बघून घ्या’ म्हणून देतो. सगळ्यांचं उत्तर ‘ओके’. मग ग्राहकच चूक दाखवतो. हे सगळे माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. ‘फक्त हा भाग बघा’ म्हटलं तर आगाऊपणा वाटेल का? नेमकं कसं विचारायचं?

उत्तर:

ते ‘ओके’ आळसातून येत नाही, हे आधी सांगतो. मास्तर शेडमध्ये उभे आहेत, एका कानाला लूमचा आवाज, हातात मोबाइल, आणि त्यावर इंग्रजीतली अठरा पानं. पहिल्या पानावर कंपनीची ओळख, दुसऱ्यावर सर्टिफिकेटं. तीन-चार पानं वर सरकवून त्यांना काही भयंकर दिसत नाही, म्हणून ते ‘ओके’ लिहितात. तुम्ही विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यांनी प्रामाणिकपणे दिलेलं आहे. तुम्हाला शंका कुठे आहे, कोणता आकडा तुम्ही अंदाजाने टाकलाय, कोणता मागच्या फाइलमधून उचललाय, हे फक्त तुम्हाला माहीत आहे आणि ते तुम्ही कळवलेलंच नाही. खरी अडचण एवढीच आहे.

आगाऊपणाचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. मोठ्या माणसाला अठरा पानं देऊन ‘बघून घ्या’ म्हणणं म्हणजे आपलं काम त्यांच्या गळ्यात टाकणं. ‘मास्तर, ४.२ मधला हा आकडा तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही’ असं म्हटलं की त्यांचा मान राहतो आणि वेळही वाचतो. अर्थात माणूस बघून बोलावं लागतं. काही मास्तरांना लिहिलेलं आवडत नाही, त्यांच्याकडे कागद घेऊन जावंच लागतं. आणि शेठना ‘फक्त एवढंच बघा’ असं कधी लिहू नका, तिथे ‘बाकीचं मी तपासलंय, या दोन जागी तुमचा निर्णय हवा’ असं लिहा. मागणी तीच राहते, फक्त निर्णयाचा हक्क त्यांच्याकडे राहतो.

आता भाग निवडायचे कसे? अवघड काम हेच आहे. पाठवायच्या वेळी बसून ठरवू नका, लिहिता लिहिताच खूण करत जा. मी तीन प्रकारच्या जागी पिवळा रंग देतो. जो आकडा दुसऱ्याने सांगितला आणि मी नुसता उतरवला, तो. जो आकडा दुसऱ्या एखाद्या आकड्यावरून मी काढला, तो. आणि दुसऱ्याच्या वतीने दिलेलं वचन, म्हणजे माल कधी निघेल, रंग किती धुण्यांना टिकेल, असली वाक्यं. कंपनीची ओळख, पत्ता, सर्टिफिकेटांच्या मुदती, स्पेलिंग हे सगळं तुमचं तुम्ही तपासा. त्यासाठी दुसऱ्याला बोलवू नका. आणि सगळंच पिवळं झालं तर ते कोटेशन अजून तपासायला देण्याजोगं झालेलं नाही, असं समजा.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक हिशेब पुरा करून दाखवतो. समजा ग्राहकाला ७० × १४० सेंटिमीटरचे बाथ टॉवेल हवेत, १२,००० नग. आधी बोलणं ४५० जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमवर झालं होतं. मग ग्राहकाचा मेल आला, ५०० करा. तुम्ही कलम ४ मध्ये ४५० चे ५०० केले, दर सुधारला आणि फाइल सगळ्यांना पाठवली.

नगाचं क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर. ४५० ला नग ४४१ ग्रॅमचा होता, ५०० ला ४९० ग्रॅमचा झाला. कलम ६ मध्ये पॅकिंग लिहिलंय: एका कार्टनमध्ये ५ डझन, एकूण २०० कार्टन, आणि ग्राहकाची अट अशी की भरलेलं कार्टन २८ किलोच्या वर जाता कामा नये. जुन्या वजनाला ६० नगांचे साडेसव्वीस किलोच्या आत होत होते, पिशव्या आणि खोका धरून सव्वा किलो वाढवलं तरी अट पाळली जात होती. नव्या वजनाला नुसते टॉवेलच २९.४ किलो होतात. म्हणजे ५ डझन बसणार नाहीत. ४ डझन भरावे लागतील, कार्टन २५० होतील, आणि कंटेनरमध्ये किती जागा लागेल हा हिशेबही बदलेल. कलम ४ मधला एक आकडा बदलला आणि दोन पानं पुढचं कलम ६ खोटं ठरलं.

आता बघा, मास्तरांना फक्त कलम ४ दाखवलं असतं तर त्यांनी ५०० हे बरोबरच म्हटलं असतं. पॅकिंगच्या सुपरवायझरना फक्त कलम ६ दाखवलं असतं तर त्यांना ते जुनंच, ओळखीचं दिसलं असतं. दोघांचंही ‘ओके’ खरं असतं आणि तरी कोटेशन चुकीचं गेलं असतं. भाग नेमून देण्यातला मोठा धोका हाच आहे: ज्याला जेवढं दाखवलं तेवढंच तो बघतो. म्हणून कोणतं कलम कोणत्या कलमावर टेकलेलं आहे, हे तुम्हालाच शोधावं लागतं आणि निरोपात लिहावं लागतं. सुपरवायझरना ‘कलम ६ बघा’ असं लिहून भागत नाही. ‘नग ४४१ ऐवजी ४९० ग्रॅमचा झाला आहे, या वजनाला कलम ६ मधलं ५ डझनचं कार्टन २८ किलोत बसतं का?’ असं लिहावं लागतं. मग ते वजन करून बघतात.

प्रश्नाची घडण इथे फार महत्त्वाची आहे. ‘बरोबर आहे ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ शिवाय उत्तर येत नाही, ‘नाही’ म्हणणं सगळ्यांनाच जड जातं. म्हणून मी मंजुरी मागत नाही, आकडा मागतो. बघितल्याशिवाय, मोजल्याशिवाय किंवा आठवल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही, असा प्रश्न विचारायचा.

मास्तरांना याच ऑर्डरसाठी मी काय विचारीन ते सांगतो. कलम ४ मध्ये ५०० जीएसएम लिहिलंय, पण हे ५०० कुठलं? लॅबमधला गोल कटर १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतो, त्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर म्हणजे जीएसएम. तो तुकडा आपण नेहमी लूप असलेल्या भागातून काढतो. पण अख्खा टॉवेल काही लूपचा नसतो. दोन्ही टोकांना सपाट बॉर्डर आणि शिवलेली हेम असते. समजा दोन्ही टोकं मिळून १० सेंटिमीटर सपाट आहे आणि तिथलं कापड ३०० जीएसएमचं आहे. त्या पट्टीचं वजन २१ ग्रॅम. उरलेल्या ०.९१ चौरस मीटरला कटरने बरोबर ५०० दाखवलं तरी तिथले होतात ४५५ ग्रॅम. नग भरला ४७६ ग्रॅमचा. ग्राहक मात्र क्षेत्रफळ गुणिले ५०० करून ४९० ची वाट बघत असतो. नगामागे १४ ग्रॅम, म्हणजे बारा हजारांवर १६८ किलो सुताचा वाद. नग ४९० चा हवा असेल तर लूपच्या भागाला साधारण ५१५ जीएसएम धरावं लागतं, आणि ते फक्त मास्तर ठरवू शकतात.

हे सगळं मास्तरांना माहीत असतं, त्यांच्या रोजच्या कामाचं आहे. पण ‘एकदा बघून घ्या’ वाचून त्यांना ते आठवायचं काही कारण नसतं. तेव्हा निरोप असा जाईल:

> मास्तर, नमस्कार. बाथ टॉवेल ७० × १४०, १२,००० नग, याचं कोटेशन उद्या दुपारी ४ ला पाठवायचं आहे. सोबत फक्त पान ७ चा फोटो आहे, कलम ४.२, “Weight: 500 GSM” ही ओळ.
>
> १. हे ५०० कटरचं धरलंय की अख्ख्या नगाचं? बॉर्डर आणि हेम धरून, धुऊन वाळवलेला नग किती ग्रॅमचा भरेल?
> २. ग्राहकाला ४९० ग्रॅमचाच नग द्यायचा असेल तर लूपच्या भागाला किती जीएसएम धरावं लागेल?
>
> माप, रंग आणि दर ग्राहकाशी ठरलेले आहेत, ते बघायची गरज नाही. बाकी कुठे काही खटकलं तर जरूर सांगा. दुपारी २ च्या सुमाराला मी शेडमध्ये येतो, तिथेच बोललं तरी चालेल.

या निरोपात काय कशासाठी आहे ते सांगतो. आधी माल कोणता आणि घाई किती, मग नेमकी ओळ, मग प्रश्न. काय बघायचं नाही हेही कारणासकट लिहिलं आहे. नाहीतर मास्तर रंगावर पाच मिनिटं घालवतात आणि वजनाला वेळ उरत नाही. ‘खटकलं तर सांगा’ ही ओळ मात्र कधी गाळू नका. अनुभवी माणसाची नजर जाता जाता भलत्याच गोष्टीवर पडते आणि तीच कधीकधी सगळ्यात कामाची असते. फक्त ती ओळ शेवटी ठेवा. सुरुवातीलाच लिहिलीत तर पुन्हा ‘एकदा बघून घ्या’च होतं.

ओळ नेमकी कशी दाखवायची, यावर थोडं. पान नंबरवर विसंबू नका. वर्डची फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की फाँट बदलतो, पान सातचं आठवर जातं. मोबाइलवर तर पानाचा हिशेबच वेगळा असतो. कलमांना नंबर द्या आणि निरोपात कलमाचा नंबर आणि ओळीचे पहिले दोन-तीन शब्द दोन्ही लिहा, पान नंबर फक्त सोबतीला. एक्सेल असेल तर शीटचं नाव आणि सेल सांगा, “Packing, D14” असं. फाइलच्या नावात तारीख घाला, म्हणजे कोणी कालची प्रत तपासत बसणार नाही. सोलापुरात आणखी एक गोष्ट असते: कोटेशन इंग्रजीत, ऑफिस मराठीत, आणि मास्तरांच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड. तपासायची ओळ इंग्रजीत जशीच्या तशी ठेवा, पण प्रश्न रोजच्या बोलण्यात विचारा. इंग्रजीत विचारलात तर माणूस आधी भाषेला अडखळतो, मग आकड्याला.

ज्यांना मोबाइलवर वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी एकच पान छापा, आकड्याभोवती लाल पेनाने गोल करा आणि हातात द्या. त्यांनी तिथेच पेनाने लिहिलं तर उत्तम. तोंडी सांगितलं तर परत येऊन त्यांनाच दोन ओळी पाठवा: ‘मास्तर, आपलं बोलणं झालं तसं कलम ४.२ मध्ये नगाचं वजन ४९० ग्रॅम, लूपचा भाग ५१५ असं लिहितोय.’ आवाजात अर्धं ऐकू आलेलं असतं, चुकीचं असेल तर ते लगेच फोन करतात.

अकाउंट्सच्या मॅडमना वेगळा निरोप द्या, त्यात वेगळं कलम. कलम ८ मध्ये पेमेंट एलसीने, म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या हमीच्या पत्राने आहे आणि कलम २ मध्ये मालाचं प्रमाण ‘१२,००० नग’ असं लिहिलंय. ही दोन कलमं एकमेकांवर टेकलेली आहेत, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बँका एलसी ज्या नियमांनी तपासतात त्या यूसीपी ६०० च्या कलम ३० मध्ये प्रमाणाला ५ टक्के कमी-जास्तीची सूट आहे, पण एलसीत प्रमाण नगांत किंवा पॅकिंगच्या संख्येत दिलेलं असेल तर ती मिळत नाही. किलोत असतं तर मिळाली असती. विणकामात शंभर-दोनशे नग कमी-जास्त होणं आपल्याला नवीन नाही. तेव्हा मॅडमना ‘कलम ८ तपासा’ असं न लिहिता असं विचारा: ‘कलम २ मध्ये प्रमाण नगांत आहे, एलसीत किती टक्के कमी-जास्तीची सवलत मागायची आणि ते कोटेशनमध्ये कोणत्या शब्दांत लिहायचं?’ त्या शब्द लिहून देतील, तुम्ही तेच कलम २ मध्ये टाका.

सगळ्यांना एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, हे मी ठासून सांगतो. मास्तरांना वाटतं मॅडम बघतील, मॅडमना वाटतं मास्तर बघतील, आणि एकाने होकाराचा अंगठा टाकला की बाकीचेही त्याखाली तेच टाकतात. प्रत्येकाला स्वतंत्र निरोप द्या. फक्त वजनासारखा आकडा दोघांना लागत असेल तेव्हा सुपरवायझरना लिहा की ‘मास्तरांनी ४९० सांगितलंय, त्यावर हे कार्टन काढा’. मग क्रमही आपोआप ठरतो: आधी मास्तर, मग पॅकिंग, मग भाडं आणि दर. उलट क्रमाने पाठवलं की तेच काम दोनदा करावं लागतं.

मुदत सांगताना उत्तर आलं नाही तर काय होईल तेही सांगा, पण सगळ्या ठिकाणी सारखं नाही. भाषेबद्दल, मांडणीबद्दल ‘चारपर्यंत काही कळवलं नाही तर असंच पाठवतो’ हे ठीक आहे. वजन, माल निघायची तारीख आणि पेमेंट या तीन गोष्टींत गप्प बसणं म्हणजे होकार असं कधी धरू नका, तिथे माणसाकडून शब्द आल्याशिवाय फाइल जाऊ द्यायची नाही. आणि कॅलेंडर बघून मुदत द्या. संक्रांतीच्या आठवड्यात, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना कुणाकडून दुसऱ्या दिवशी उत्तराची अपेक्षा धरू नका. त्या दिवसांतलं कोटेशन असेल तर प्रश्न आठवडाभर आधीच निघायला हवेत. ग्राहकाला आपली सुट्टी माहीत नसते, त्यामुळे त्याच्याकडून दोन दिवस मागून घेणं हेही तुमच्याच यादीत येतं.

इतकं करूनही ‘ओके’च आलं तर? रागावू नका आणि तेच पुन्हा पाठवूही नका. एकच प्रश्न, आणखी बारीक करून, फोनवर विचारा: ‘मास्तर, मागच्या वेळी याच मापाचा ५०० चा नग काट्यावर किती भरला होता?’ त्यांना आकडा आठवतो, नाहीतर ते कोणाला तरी काट्यापाशी पाठवतात. तेही जमलं नाही तर त्या आकड्यापुढे ग्राहकाला कमी-जास्तीची मर्यादा स्पष्ट लिहून द्या. वजनाला ±५ टक्के सर्रास चालतं, पण ते कोटेशनमध्ये लिहिलेलं असलं तरच. वरच्या हिशेबातला ४७६ ग्रॅमचा नग त्या मर्यादेत बसतो, हे खरं. पण मग मर्यादेतला निम्म्याहून जास्त भाग आधीच खर्च झालेला असतो आणि लूमच्या रोजच्या फरकाला जागा उरते ती फक्त दहा ग्रॅमच्या आसपास.

दुरुस्त्या आल्यावर पुन्हा अख्खी फाइल फिरवू नका. बदललेली कलमं आणि जुना-नवा आकडा एवढंच परत पाठवा: ‘४.२: नग ४९० ग्रॅम, लूप ५१५. ६.१: ५ डझनचे ४ डझन, २०० चे २५० कार्टन.’ आणि ज्याच्या सांगण्यावरून बदल केला त्यालाच ते दाखवा. मी तर कोटेशनच्या फाइलसोबत अशा ओळींची एक छोटी शीट ठेवतो: कलम, आकडा, कोणी सांगितला, कधी. पुढच्या ऑर्डरला भाग निवडायला बसलो की आधी तीच उघडतो, कारण मागच्या वेळी जे आकडे हलले होते तेच बहुतेक वेळा पुन्हा हलतात.